टँकरचा दर हजार लिटरवर काढा

जुळे सोलापुरात सोसायटीसाठी ५ हजार लिटरचा टँकर ७०० ला, १० हजारांचा १२६० ला सांगतायत. कुठला परवडेल?

कागदावर मोठाच: हजार लिटरला १४० ऐवजी १२६ रुपये. पण आधी हौदात काठी टाकून मोजा. ४ बाय ३ मीटरच्या हौदात सेंटिमीटरमागे १२० लिटर बसतात. १० हजारांच्या टँकरने पाणी ७५ सेंटिमीटरच चढलं, तर मिळाले ९ हजार, म्हणजे दर पुन्हा १४०च! मोजताना मोटर बंद हवी.

अंतराचे पैसे खेपेमागे लागतात, त्यामुळे लांबून आणायचं तर मोठाच घ्या. बोअरचं पाणी असेल तर विरघळलेले क्षार बघायला टीडीएस मीटर लावा. ५०० च्या वर गेलं तर फक्त वापरायला.