मोर्स सॉल्टचे प्रमाण द्रावण करताना स्फटिकजल हिशेबात कसे धरायचे?

प्रश्न: "मोर्स सॉल्टचे ०.०५ M द्रावण २५० मिली करायचे होते. मी ३.५५ ग्रॅम घेतले, पण ०.०१ M पोटॅशियम परमँगनेटशी अनुमापन केल्यावर १० मिलीला १० ऐवजी साधारण ७.२ मिलीच लागतात. स्फटिकातले पाणी वजनात धरायचे का? आणि धरले तर ते पाणी नंतर २५० मिलीतून वजा करायचे का?"

उत्तर: वजनात धरायचे, आकारमानातून वजा करायचे नाही. तुमचे ब्युरेटचे वाचन पाहताच चूक कुठे झाली ते कळते.

मोर्स सॉल्टचे सूत्र FeSO4·(NH4)2SO4·6H2O असे आहे. यातील फेरस सल्फेटचे वस्तुमान १५१.९१ आणि अमोनियम सल्फेटचे १३२.१४, म्हणजे पाणी सोडून २८४.०५ ग्रॅम प्रति मोल. पाण्याच्या सहा रेणूंचे १०८.०९ मिळवले की ३९२.१४ होतात. तुम्हाला ०.०५ × ०.२५० म्हणजे ०.०१२५ मोल हवे होते. ते २८४.०५ ने गुणले की ३.५५ ग्रॅम येतात आणि तेवढेच तुम्ही घेतले आहेत. पण तराजूवर ठेवलेल्या प्रत्येक स्फटिकात पाणी आहेच आणि त्याचेही वजन होते. त्यामुळे ३.५५ ग्रॅममध्ये प्रत्यक्षात ३.५५ ÷ ३९२.१४, म्हणजे साधारण ०.००९०५ मोल इतकेच लोह आले आणि द्रावण ०.०५ M ऐवजी ०.०३६२ M झाले. अनुमापनात परमँगनेटचा एक मोल फेरसच्या पाच मोलांना पुरतो, म्हणून अशा द्रावणाच्या १० मिलीला ०.०१ M परमँगनेट ७.२४ मिली लागणे अपेक्षितच आहे. २८४.०५ ला ३९२.१४ ने भागल्यावर ०.७२४ येतात, तेच गुणोत्तर तुमच्या ब्युरेटने दाखवले. बरोबर वजन ०.०१२५ × ३९२.१४, म्हणजे ४.९०१८ ग्रॅम.

आता दुसरी शंका. ०.०१२५ मोल मोर्स सॉल्टबरोबर ०.०७५ मोल, म्हणजे सुमारे १.३५ ग्रॅम पाणी द्रावणात येते. पण प्रमाण द्रावण करताना आपण २५० मिली पाणी मोजून ओतत नाही; लवण विरघळल्यानंतर फ्लास्कच्या मानेवरील खुणेपर्यंत पाणी भरतो. स्फटिकातून आलेले पाणी त्या २५० मिलीत आपोआप सामावते आणि बाहेरून तेवढे पाणी कमी लागते. ते पुन्हा वजा केले, तर मात्र द्रावण खुणेच्या खाली राहील आणि संहती वाढेल. मोजपात्रात २५० मिली पाणी घेऊन त्यात लवण टाकण्याची पद्धत याच कारणाने चुकीची आहे, कारण तिच्यात शेवटचे आकारमान किती झाले हे कळतच नाही.

वजन करताना ४.९०१८ हाच आकडा गाठण्यासाठी चमच्याच्या टोकाने एकेक कण टाकत बसू नका. वेइंग बॉटलमध्ये ४.८ ते ५.० ग्रॅमच्या दरम्यान लवण घ्या, बॉटलचे वजन करा, लवण बीकरमध्ये ओता आणि रिकाम्या बॉटलचे पुन्हा वजन करा. दोन वजनांतला फरक म्हणजे प्रत्यक्ष गेलेले लवण; बॉटलला चिकटलेले कण यात आपोआप वगळले जातात. समजा हा फरक ४.९२५६ ग्रॅम आला. त्याला ३९२.१४ ने भागून ०.०१२५६१ मोल मिळतात आणि २५० मिलीसाठी संहती ०.०५०२४ M होते. बाटलीच्या चिठ्ठीवर हीच संहती लिहावी आणि पुढच्या हिशेबातही हीच वापरावी. संहती अचूक माहीत असणे हे प्रमाण द्रावणाचे लक्षण आहे, ती गोल आकड्यात असणे नव्हे.

विरघळवताना लवणावर नुसते पाणी घालू नका. आम्ल नसेल तर फेरस आयनाचे जलापघटन होते, हवेतल्या ऑक्सिजनने त्याचे फेरिकमध्ये रूपांतर लवकर होते आणि द्रावण गढूळ, पिवळसर तपकिरी दिसू लागते. बीकरमध्ये साधारण १ M सल्फ्युरिक आम्ल ५० मिली घ्या. हे विरल आम्ल आधी करून थंड होऊ द्यावे, आणि करताना नेहमी आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे. लवण त्यात काचकांडीने ढवळून विरघळवा, पण गरम करू नका, कारण उष्णतेने ऑक्सिडीकरण वाढते. द्रावण स्वच्छ आणि फिकट हिरवे दिसले की फनेलमधून ते २५० मिलीच्या व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्या. बीकर, काचकांडी आणि फनेल वॉश बॉटलने थोड्या थोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुऊन ते पाणीही फ्लास्कमध्येच जाऊ द्या. खुणेजवळ आल्यावर ड्रॉपरने थेंब थेंब घालून द्रावणाच्या वक्र पृष्ठाचा तळ डोळ्याच्या रेषेत खुणेला टेकवा. मग बूच लावून फ्लास्क अनेकदा उलटासुलटा करा. हे राहिले तर वरचे द्रावण विरल आणि खालचे तीव्र राहते, आणि दोन पिपेटांची वाचने जुळत नाहीत.

हा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: सूत्रातले सहा रेणू स्फटिकातही सहाच आहेत. मोर्स सॉल्ट या कामासाठी निवडले जाते ते त्यामुळेच. साधे फेरस सल्फेट, FeSO4·7H2O, कोरड्या हवेत पाणी गमावते आणि त्याच्या पृष्ठभागावर पिवळसर तपकिरी थर येतो. त्यात सात रेणू धरून काढलेले वजन कागदावर बरोबर असले तरी बाटलीतल्या पदार्थाला लागू पडत नाही. धुण्याच्या सोड्याचे, Na2CO3·10H2O चे, तसेच होते. त्याचे पारदर्शक स्फटिक उघड्यावर पांढरी भुकटी होतात, म्हणून त्याच्याऐवजी तापवून कोरडे केलेले निर्जल सोडियम कार्बोनेट वापरतात. मोर्स सॉल्ट मात्र ओव्हनमध्ये वाळवू नका. इतर प्रमाण पदार्थ वाळवण्याची सवय असते, पण इथे वाळवल्याने स्फटिकजल निघू लागते आणि ३९२.१४ हा आकडाच निरुपयोगी होतो. स्फटिक ओलसर वाटले तर फिल्टर कागदाच्या घड्यांमध्ये हलके दाबून कोरडे करा.

वजन करण्यापूर्वी स्फटिक पांढऱ्या कागदावर पसरून पाहा. ते फिकट निळसर हिरवे आणि चकचकीत असावेत. कडा पांढुरक्या पडून भुकटी सुटत असेल तर पाणी गेलेले आहे आणि ४.९ ग्रॅममध्ये लोह अपेक्षेपेक्षा जास्त येईल. पिवळट डाग असतील तर काही लोह फेरिक झालेले आहे आणि परमँगनेट कमी लागेल. म्हणजे ७.२ मिली हे वाचन स्फटिकजल विसरल्याचे, तर ९.७ किंवा ९.८ मिली आले तर आधी लवण जुने असल्याचा संशय घ्यावा. अर्थात परमँगनेटची संहती तपासलेली असेल तरच हे म्हणता येते, कारण ते स्वतः प्राथमिक प्रमाण पदार्थ नाही. लवणाबद्दल शंका असेल तर पोटॅशियम डायक्रोमेटचे द्रावण करून त्याच्याशी ताडून पाहा. K2Cr2O7 मध्ये स्फटिकजल नसते, ते १५० अंश सेल्सिअसला निर्धास्त वाळवता येते आणि त्याचा एक मोल फेरसच्या सहा मोलांना लागतो.

तुमच्याकडे आधीचे द्रावण शिल्लक असेल आणि ते आम्लात केलेले व अजून स्वच्छ असेल, तर ते फेकण्याची गरज नाही. तुम्ही घेतलेल्या नेमक्या वजनाला ३९२.१४ ने आणि मग ०.२५० ने भागा, चिठ्ठीवर ०.०३६२ M अशी खरी संहती लिहा आणि आजच वापरा. उद्यापर्यंत ठेवलेत तर हवेने काही फेरस फेरिक झालेले असेल.