नुसतं 'सुंदर दिसतेस' म्हणणाऱ्याला काय लिहायचं

अगं,

डेटिंग अॅपवरच्या त्या मुलाच्या चॅटचे तू पाठवलेले स्क्रीनशॉट काल रात्री नीट बसून वाचले. त्याचा पहिला मेसेज 'खूप गोड दिसतेस', मग 'डोळे काय भारी आहेत', मग 'स्माइल एकदम किलर', आणि तुझ्याकडून थँक्यू, थँक्यू, एक हसरा इमोजी. चार दिवस झाले तरी तो काय काम करतो, नाशिकरोडला राहतो की पंचवटीत, काहीच तुला माहीत नाही. तू विचारतेयस सरळ अनमॅच करू का. थांब जरा, आधी एक मेसेज टाकून बघ.

'सुंदर दिसतेस' याला थँक्यूशिवाय उत्तरच नसतं गं, आणि थँक्यू म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. मग त्याला वाटतं हिला हे आवडतंय, म्हणून तो परत तेच पाठवतो. म्हणजे थँक्यू एकदाच म्हणायचं, दुसऱ्यांदा नाही. दुसऱ्यांदा कौतुक आलं की आपली एक गोष्ट सांगायची आणि तिलाच जोडून त्याच्याबद्दल विचारायचं. पण प्रश्न असा हवा की एका शब्दात उत्तर देता येणार नाही. 'कुठला तू' विचारलंस तर 'सिडको' येईल आणि परत शांतता.

तुझ्या प्रोफाइलवर अंजनेरीच्या पायऱ्यांवरचा तो रेनकोटमधला फोटो आहे ना, तिथून सुरू कर: 'त्या दिवशी पायऱ्या इतक्या निसरड्या होत्या की अर्ध्यातून परत आलो आणि खाली टपरीवर तासभर भजी खात बसलो. तू या पावसाळ्यात कुठे भिजलास, कोणाबरोबर?' मग त्याला काहीतरी स्वतःचं सांगावंच लागेल.

आता उत्तर काय येतं ते बघ. 'तू असशील तर कुठेही भिजेन' असं आलं तर त्यात त्याच्याबद्दल काहीच नाही, गाडी परत तुझ्यावरच. तरी एकदा स्पष्ट लिही: 'कौतुक आवडलं, पण त्यावर पुढे काय बोलायचं मला कळत नाही. तुझा दिवस कसा असतो ते सांग ना.' यात राग नाही, टोमणा नाही, आणि तुला काय हवंय ते त्याला कळतं. यानंतरही 'तुझ्यासारखी दिसणारी बघितलीच नाही' आलं तर मग अनमॅच कर, कारण द्यायची गरज नाही.

एवढी संधी द्यायला का सांगतेय ते पण सांगते. माझा मावसभाऊ सातपूर एमआयडीसीत सीएनसीवर आहे. त्याने एकदा स्वतःहून मला त्याचं चॅट दाखवलं, आणि त्यात नुसते गोड दिसतेस, गोड दिसतेस. मित्रांनी सांगितलेलं की मुलींना हेच आवडतं, आणि नाइट शिफ्टच्या ब्रेकमध्ये दुसरं काय लिहावं त्याला सुचायचं नाही. मग त्या मुलीने विचारलं की मशीनवर नक्की काय बनवतोस, तर याने एवढा मोठा पॅराग्राफ टाकलेला, कुठला पार्ट, किती वेळ लागतो, एकदा टूल तुटलं तेव्हा सुपरवायझर काय बोलला. स्पेलिंग सगळी चुकलेली, पण शेवटी त्याने तिलाही विचारलं होतं, तुझं ऑफिस कसं असतं. लाजरा मुलगा असाच ओळखायचा. उत्तर वेडंवाकडं असेल, पण स्वतःचं असतं, आणि तो उलट काहीतरी विचारतो.

ही संधी चेहऱ्याच्या, हसण्याच्या कौतुकापुरतीच हं. शरीरावर घसरला, 'अजून फोटो पाठव' म्हणाला, किंवा दोन ओळीही बोलणं झालेलं नसताना व्हॉट्सअॅप नंबरच मागत राहिला तर प्रश्नबिश्न विचारत बसू नकोस. आधी स्क्रीनशॉट घे, मग रिपोर्ट कर, मग अनमॅच, याच क्रमाने, कारण बऱ्याच अॅपवर अनमॅच केलं की सगळं चॅट गायब होतं आणि नंतर दाखवायला हातात काही उरत नाही.

आणि एक, तुझ्या प्रोफाइलवर सहा फोटो आहेत आणि लिहिलेलं फक्त 'फूडी, ट्रॅव्हलर'. चांगल्या मुलालाही पकडायला काही नाही त्यात. त्याऐवजी लिही की रविवारी सकाळी मिसळ कुठली खायची यावरून घरात भांडणं होतात, कारण ती खरंच होतात, मी ऐकली आहेत.

तो अंजनेरीचा मेसेज आज रात्री टाक. दोन दिवसांत काय येतं ते मला पाठव, मग आपण बसून वाचू.

तुझी ताई