फिटचा हिशोब: भोकाची दोन्ही टोकं धरा

होल बेसिस म्हणजे ५० मिमीचं भोक बरोबर ५०.००० करायचं का?

नाही. H म्हणजे भोकाची खालची मर्यादा मूळ मापावर, बाकी सगळा टॉलरन्स वर. 50 H7 म्हणजे ५०.००० ते ५०.०२५.

५० मिमीसाठी तक्त्यात ३०–५० ची ओळ पाहायची की ५०–८० ची?

३०–५०. या गटाचा अर्थ '३० च्या वर, ५० धरून' असा आहे. खालची ओळ घेतली तर H7 साठी २५ ऐवजी ३० मायक्रॉन येतील आणि पुढचं सगळंच चुकेल.

50 H7/g6 चा क्लिअरन्स मी वरच्यातून वरचं आणि खालच्यातून खालचं माप वजा करून काढला. २५ ते ३४ मायक्रॉन आला. आमचे फोरमन म्हणतात असंच करतात.

फोरमनना माझा नमस्कार सांगा आणि ही रीत सोडून द्या. या एका चुकीची पत्रं मला सतत येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

तक्त्यातून तीन आकडे घ्या. ३०–५० च्या ओळीत IT7 आहे २५, IT6 आहे १६ आणि g चं मूळ विचलन उणे ९ मायक्रॉन. आता हे उणे ९ शाफ्टच्या कुठल्या टोकाचं, हे आधी ठरवा. a पासून h पर्यंतच्या अक्षरांना तक्ता वरचं विचलन देतो, म्हणून टॉलरन्स खाली जातो. उणे ९ मधून १६ वजा केले की उणे २५. शाफ्ट झाला ४९.९७५ ते ४९.९९१.

फिटचा प्रश्न असतो की सगळ्यात वाईट जोडी जमली तर काय होईल. सगळ्यात लहान भोकात सगळ्यात जाड शाफ्ट गेला, तर ५०.००० वजा ४९.९९१, म्हणजे ९ मायक्रॉन. सगळ्यात मोठ्या भोकात सगळ्यात बारीक शाफ्ट गेला, तर ५०.०२५ वजा ४९.९७५, म्हणजे ५०. खरा पल्ला ९ ते ५०. तुमच्या २५ ते ३४ वर तेलाची फट ठरवली असेल, तर लॉटमधले काही नग जास्त घट्ट फिरतील आणि काही खडखडतील. मग दोष विनाकारण ग्राइंडरवाल्याच्या माथी.

पडताळणी सोपी आहे. पल्ल्याची रुंदी नेहमी दोन्ही टॉलरन्सच्या बेरजेइतकी असते. इथे २५ अधिक १६ म्हणजे ४१, आणि ५० वजा ९ सुद्धा ४१. तुमची रुंदी ९ आली, तिथेच शंका यायला हवी होती.

प्रेस फिटला अक्षर p घेतलं की दिशा उलटते. p चं अधिक २६ हे खालचं विचलन आहे, म्हणून टॉलरन्स वर चढतो आणि शाफ्ट होतो ५०.०२६ ते ५०.०४२. इंटरफेरन्स किमान १, कमाल ४२. रुंदी पुन्हा ४१. सवयीने १६ खाली उतरवले, तर शाफ्ट ५०.०१० ते ५०.०२६ होईल आणि काही जोड्यांत १५ मायक्रॉनपर्यंत फट राहील. ड्रॉइंगवर प्रेस फिट, हातात ढिला बुश! मशिनिंग सुरू होण्याआधी हा हिशोब डिझाइनरकडून तपासून घ्या. माल कापल्यावर विचारून काय उपयोग?

३ मिमीच्या पिनला H7/p6 दिला, तरी काही पिना सैल का?

३ मिमीपर्यंत H7 ० ते १० आणि p6 अधिक ६ ते अधिक १२ असतो. म्हणजे ४ मायक्रॉन फटीपासून १२ इंटरफेरन्सपर्यंत. या मापाला ही ट्रान्झिशन फिट आहे.

दुकानदार म्हणतो, H7 रीमर घ्या, भोक H7 च येणार. खरं का?

रीमरवरचा शिक्का भोकाचं प्रमाणपत्र नाही. रीमर डगमगला, कूलंट कमी पडलं किंवा आधीचं भोक वाकडं असलं, की भोक मोठं होतं. प्लग गेज किंवा बोअर गेजने मोजा.

अॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये स्टीलचा बुश, 50 H7/p6. चालताना ८० अंश तापमान होतं. चालेल का?

तक्त्यातली मापं २० अंशांची असतात. वर ६० अंश चढले, की अॅल्युमिनियमचं भोक सुमारे ६९ मायक्रॉन फुगतं आणि बुश सुमारे ३४. फरक ३४ च्या वर. तुमचा इंटरफेरन्स १ ते ४२, मधल्या जोडीचा साधारण २१. म्हणजे बहुतेक बुश सुटतील. s6 घेतलं तरी किमान १८ च, तेही पुरत नाही. आणि खूप घट्ट बसवला, तर पातळ हाउसिंग थंडीतच तडकण्याची भीती. भिंतीची जाडी कळल्याशिवाय मी अक्षर सुचवणार नाही. ड्रॉइंग घेऊन स्ट्रेसचा हिशोब करणाऱ्या इंजिनीयरकडे जा. तोवर बुश दाबू नका.