परीक्षणात गोष्ट आली, वाचणारा राहिला

प्रश्न: मी एका कादंबरीचं परीक्षण लिहिलं. मैत्रीण म्हणाली, “गोष्ट कळली, पण तुला काय वाटलं ते कळलंच नाही.” कथेचा सारांश आणि ‘छान आहे, जरूर वाचा’ यापलीकडे जाऊन स्वतःची खरी प्रतिक्रिया कशी लिहायची?

उत्तर:

परीक्षणाची वाक्यं सुधारायला बसू नका, आधी पुस्तक परत हातात घ्या. अशी परीक्षणं बहुधा पुस्तक मिटून लिहिलेली असतात. पुस्तक मिटलं की डोक्यात दोनच गोष्टी उरतात, काय काय घडलं त्याचा क्रम आणि एकूण आवडलं की नाही. त्या कागदावर उतरल्या की लिहिण्यासारखं काही राहत नाही. जिथे तुम्ही चिडलात, अडखळलात, मागचं पान उलटून पाहिलंत, त्या जागा पुस्तकातच राहून गेलेल्या असतात. चांगले शब्द शोधून त्या सापडत नाहीत, पानं चाळून सापडतात.

मी एका छोट्या नियतकालिकाचं पुस्तकांचं पान पाहतो. तिथे आलेलं एक परीक्षण कसं बदलत गेलं ते सांगतो. लिहिणाऱ्या बाईंची हरकत नाही, पण त्यांचं आणि कादंबरीचं नाव मुद्दाम घेत नाही. पहिला मसुदा थोडक्यात असा होता:

> ही कादंबरी एका दवाखान्यात आयुष्यभर कंपाउंडर म्हणून काम केलेल्या माणसाची आहे. डॉक्टरांचं अचानक निधन होतं. पेशंट येतच राहतात, म्हणून तो दवाखाना उघडा ठेवतो आणि स्वतःच औषधं देऊ लागतो. डॉक्टरांच्या मुलीला हे पटत नाही. पुढे एका लहान मुलाला चुकीचा डोस दिला जातो आणि प्रकरण कोर्टात जातं. शेवटी काय होतं, हे कादंबरीतच वाचायला हवं. लेखकाची भाषा ओघवती आहे. व्यक्तिरेखा जिवंत झाल्या आहेत. वाचकाला अंतर्मुख करणारी ही कादंबरी प्रत्येकाने संग्रही ठेवावी अशी आहे.

यात खोटं काहीच नाही. पण वरचा अर्धा भाग मलपृष्ठावर जवळजवळ तसाच छापलेला होता, आणि खालची तीन वाक्यं उचलून दुसऱ्या कुठल्याही कादंबरीच्या परीक्षणात चिकटवली असती तरी कुणाला संशय आला नसता. ‘ओघवती भाषा’ आणि ‘संग्रही ठेवावी’ हे तर आपल्याकडे परीक्षणाच्या खाली मारायचे शिक्के झाले आहेत. ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ नव्हत्या, हेच नशीब.

काय आवडलं, असं मी त्यांना विचारलं नाही. त्या प्रश्नाला विशेषणंच परत येतात. वाचताना कुणाचा राग आला, असं विचारलं. रागाला माणूस लागतो आणि जागा लागते, त्यामुळे उत्तर आपोआप नेमकं येतं. त्या लगेच म्हणाल्या, “डॉक्टरांच्या मुलीचा. बाकावर पेशंट बसलेले असतात आणि ती कुणाकडे न बघता सरळ दाराला कुलूप लावते.” मसुद्यात या सगळ्याचं ‘मुलीला हे पटत नाही’ एवढंच झालं होतं. मग विचारलं, हा राग शेवटपर्यंत टिकला का?

“नाही. त्या मुलाच्या प्रसंगानंतर गेला. आणि मग स्वतःचंच वाईट वाटलं. मी औषधांच्या दुकानात काम केलंय हो. चिठ्ठीशिवाय काय द्यायचं नाही ते मला माहीत आहे. तरी इतकी पानं मी त्या माणसाच्याच बाजूने होते!”

परीक्षण इथे सापडलं. मसुद्याच्या एकाही ओळीत हे नव्हतं, कारण परीक्षणात स्वतःबद्दल लिहायचं नसतं असं त्यांना वाटत होतं. स्वतःबद्दल किती लिहायचं, यावर पुढे येतोच.

पण एवढ्यावर काम झालेलं नव्हतं. ‘मी त्याच्या बाजूने होते’ ही प्रतिक्रियेची अर्धी बाजू झाली. लेखकाने ते कसं घडवून आणलं, ही उरलेली अर्धी. त्यासाठी मी त्यांना कुलपाच्या प्रसंगापासून मुलाच्या प्रसंगापर्यंतची पानं पुन्हा वाचायला सांगितली. या वेळी गोष्टीसाठी वाचायचं नव्हतं. तो माणूस चुकीच्या वाटेला लागलाय हे लेखकाने आधी कुठे दाखवलं होतं का, एवढंच शोधायचं होतं. त्यांना जे सापडलं ते माझ्याही नजरेतून सुटलं होतं. वाचल्यावर त्यांनी परीक्षण नव्याने लिहिलं:

> मी काही वर्षं औषधांच्या दुकानात काम केलं आहे. चिठ्ठी नसलेल्या माणसाला परत पाठवणं हा त्या कामाचा भागच असतो. तरीही या कादंबरीतला कंपाउंडर डॉक्टर गेल्यानंतर स्वतःच औषधं देऊ लागला, तेव्हा तो चुकतोय असं मला वाटलं नाही. डॉक्टरांची मुलगी येऊन दवाखान्याला कुलूप लावते, तेव्हा मला तिचाच राग आला. बाकावर बसलेल्या कुणाकडेही ती बघत नाही.
>
> एका लहान मुलाला चुकीचा डोस जातो, तिथे मी थांबले आणि पानं उलटून मागे गेले. हे येतंय हे मला आधी का दिसलं नाही? लेखकाने काही लपवलेलं नव्हतं. कंपाउंडर सुरुवातीला औषधाचं नाव कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहून देतो. नंतर डॉक्टरांचं पॅड वापरू लागतो, पण वरचं छापील नाव रेघ मारून खोडतो. मग एका पानावर ती रेघ नसते. लेखक त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. पहिल्या वाचनात ते पान मी सहज ओलांडलं होतं, कारण तिथेच एक बरा झालेला म्हातारा त्याच्या पाया पडायला वाकतो आणि माझं सगळं लक्ष म्हाताऱ्याकडे होतं.
>
> कोर्टाचा भाग मला लांबलेला वाटला. वकील, मुलगी, मुलाचा बाप, सगळे एकसारख्या लांबलचक, नेटक्या वाक्यांत बोलतात. दवाखान्यात जे न सांगता कळत होतं, ते इथे समजावून सांगितलं जातं. निकाल काय लागतो याची मला उत्सुकता राहिली नव्हती. मी इतका वेळ त्याच्या बाजूने का होते, याचं उत्तर मात्र मला अजून देता येत नाही.

जुन्या मसुद्यातलं काय कुठे गेलं ते पाहा. गोष्ट पूर्ण गेलेली नाही. डॉक्टर गेले, कंपाउंडर औषधं देऊ लागला, मुलीने कुलूप लावलं, मुलाला चुकीचा डोस गेला, प्रकरण कोर्टात गेलं, एवढं राहिलंच आहे. पण प्रत्येक घटना आता एखाद्या प्रतिक्रियेचं कारण म्हणून येते. किती गोष्ट ठेवायची याचं माझं माप हेच आहे. ज्या घटनेशिवाय तुमची प्रतिक्रिया कळणार नाही ती ठेवायची, बाकीची कितीही महत्त्वाची असली तरी सोडायची. कंपाउंडरचं लग्न, त्याचा मुलगा, डॉक्टरांशी झालेलं जुनं भांडण, हे सगळं कादंबरीत आहे आणि परीक्षणात नाही.

‘ओघवती भाषा’ गेली आणि तिच्या जागी ती रेघ आली. बाईंना भाषेबद्दल खरंच काहीतरी वाटलं होतं. लेखक सांगत बसत नाही, दाखवून पुढे जातो, हे त्यांना जाणवलं होतं, पण ते सांगायला हाताशी एकच ठरलेला शब्द होता. मोघम स्तुतीचं बहुतेक असंच असतं, तिच्याखाली एक नेमकी गोष्ट दबलेली असते. म्हणून ‘ओघवती’ लिहिलंत की ते खोडून ‘प्रवाही’ किंवा ‘नितळ’ लिहू नका. कुठल्या पानावर तसं वाटलं, ते शोधा. पान सापडत नसेल तर तो शब्द तुमचा नाही, तो काढून टाका.

कोर्टाबद्दलची तक्रार पहिल्या मसुद्यात अजिबात नव्हती. “चांगल्या पुस्तकाबद्दल वाईट कशाला लिहायचं?” असं त्या म्हणाल्या होत्या. माझ्या मते त्या चार ओळींमुळेच वरच्या कौतुकावर विश्वास बसतो. शिवाय ती तक्रारही नेमकी आहे. नुसतं ‘उत्तरार्ध रेंगाळतो’ म्हटलं असतं तर तोही एक शिक्काच झाला असता.

आता स्वतःबद्दल किती लिहायचं ते. मधला एक मसुदा पार दुसऱ्या टोकाला गेला होता. दुकान, तिथली गिऱ्हाइकं, एकदा चिठ्ठीवरून झालेली बाचाबाची, असं दोन परिच्छेद चाललं होतं आणि कंपाउंडर कुठेच दिसत नव्हता. हे ओळखायला सोपं आहे. ‘मी’ असलेलं प्रत्येक वाक्य बघायचं आणि पुढच्या एक-दोन वाक्यांत पुस्तकातलं काही येतं का ते पाहायचं. येत नसेल तर ते तुमच्या आठवणींचं लेखन झालं. ते चांगलंही असेल, पण वेगळं छापावं. दुकानाची दोन वाक्यं उरली, कारण ती नसती तर त्यांचं कंपाउंडरच्या बाजूने असणं विशेष वाटलं नसतं.

एका मुद्द्यावर आमचं एकमत झालं नाही. मुलाचा प्रसंग मलपृष्ठावरच होता, त्यामुळे तो लपवण्यात अर्थ नव्हता. पण रेघ नाहीशी होते हे वाचकाला स्वतः सापडण्यात मजा आहे आणि परीक्षणाने ती मजा घालवली, असं मला वाटतं. त्यांचं म्हणणं, ती रेघ काढली तर परीक्षणात दाखवायला काय उरतं? शेवटी रेघ ठेवली आणि निकाल सांगितला नाही. तुमच्या पुस्तकातही अशी जागा असेल तर त्याच जातीचं दुसरं, कमी महत्त्वाचं उदाहरण मिळतं का ते आधी बघा. या कादंबरीत तसं मिळालं नाही.

तुम्ही परत पानं चाळाल तेव्हा दुसऱ्यांची परीक्षणं वाचू नका, निदान तुमचा मसुदा होईपर्यंत. पेन्सिल घ्या आणि राग, कंटाळा, मागे उलटलेलं पान, कुणाला तरी वाचून दाखवावीशी वाटलेली ओळ, अशा जागांवर नुसती खूण करा. तिथेच टिपण लिहीत बसलात तर पुन्हा विशेषणं येतील. खुणा झाल्यावर त्यांतल्या दोन-तीनच घ्या, शक्यतो एकमेकींशी भांडणाऱ्या. बाईंच्या बाबतीत मुलीचा राग आणि नंतर स्वतःचं वाटलेलं वाईट, या दोघींच्या भांडणावरच सगळं परीक्षण उभं आहे.

पुस्तक माहितीचं असेल, म्हणजे इतिहास, आरोग्य किंवा एखादं कौशल्य शिकवणारं, तर हे सगळं असंच्या असं लागू होत नाही. तिथे पुस्तकात काय आहे हे वाचकाला खरोखरच हवं असतं, आणि सारांशाला जास्त जागा द्यावी लागते. प्रतिक्रियेची जागा तिथे वेगळी असते: कुठला दावा पटला नाही, कुठली कृती करून पाहिली आणि ती कुठे अडली.