उमेदवार बजेटपेक्षा जास्त पगार मागतो तेव्हा

प्रश्न: मुलाखतीत आवडलेला उमेदवार आमच्या बजेटपेक्षा दोन लाख जास्त मागतोय. काय करावं?

लगेच घासाघीस सुरू करू नका. आधी हा आकडा आला कुठून, ते त्यालाच विचारा. मी चाकणच्या एका कारखान्यात भरतीचं काम बघते. तिथल्या एका क्वालिटी इंजिनिअरचं उदाहरण देते.

आमचं बजेट वर्षाला नऊ लाख सीटीसी, त्याची मागणी अकरा. तो नाशिकहून येणार होता. सध्याची सॅलरी स्लिप समोर ठेवून बोललो तेव्हा हिशोब उलगडला. मार्चमध्ये मिळणारा सत्तर हजारांचा बोनस आता सोडला तर बुडणार होता. आम्हाला तो लवकर हवा होता, म्हणून नोटीस पिरियडचे साधारण पन्नास हजार भरावे लागणार होते. उरलेले ऐंशी हजार म्हणजे चाकणचं घरभाडं आणि थोडी पगारवाढ.

यातले एक लाख वीस हजार एकदाच लागणारे होते. ते पगारात घातले असते तर दरवर्षी द्यावे लागले असते आणि पुढची वाढही त्यावरच मोजली गेली असती. म्हणून तेवढा जॉइनिंग बोनस दिला, वर्षाच्या आत सोडल्यास परत करण्याच्या अटीवर. त्यावर टीडीएस कापला जाईल हेही आधीच सांगितलं, नाहीतर पहिल्याच पगाराला कुरबुर होते. पगारात चाळीस हजार वाढवले. बाकीच्यासाठी सहा महिन्यांनी रिव्ह्यू ठेवला. रिव्ह्यूत किती वाढ आणि कोणत्या कामावर, हे ऑफर लेटरमध्येच लिहिलं. तोंडी ‘बघू’ म्हटलेलं कोणी धरून चालत नाही. शिवाय आईवडिलांना मेडिक्लेममध्ये घेतलं, त्याला ते फार मोलाचं वाटलं.

एक मात्र करू नका. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल मिळवून सीटीसी फुगवू नका. माणूस हातात किती येतील ते बघतो, आणि फसवल्याची भावना घेऊन आलेला टिकत नाही.

आता थांबायचं कुठे? मी आधी त्याच कामावरच्या आपल्या जुन्या लोकांचे पगार बघते. नव्याला त्यांच्यापेक्षा बरंच जास्त दिलं तर ते महिनाभरात कळतंच आणि मग एकाऐवजी चौघांचे पगार वाढवावे लागतात. एकदाचे खर्च वेगळे काढूनही तो त्या पट्टीच्या वर जात असेल, तर मी नाही म्हणते.

आकडा ठरल्यावर तो पुन्हा वाढवला, सॅलरी स्लिप द्यायला टाळाटाळ केली, किंवा लेटर हवं पण रुजू व्हायची तारीख देता येत नाही असं म्हटलं, तरीही थांबते. नव्वद दिवसांच्या नोटिशीत तेच लेटर दाखवून दुसरीकडे भाव वाढवून घेतला जातो. म्हणून ऑफरला तीन दिवसांची मुदत घालते आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला तोवर नकार कळवत नाही. नाही म्हणायचं ठरलं, की त्याच दिवशी स्वतः फोन करून सांगते.