देवस्थानाला लिहायचे परवानगीपत्र

प्रिय अभ्यासकास,

अनेक आशीर्वाद. तुझ्या माहितीपटाकरिता चैत्री यात्रेच्या चित्रीकरणासाठी आणि देवस्थानाच्या संग्रहातील जुनी छायाचित्रे वापरण्यासाठी तू लिहिलेला अर्जाचा मसुदा वाचला. भाषा नम्र आहे, हेतूही स्पष्ट आहे. मात्र “उत्सवाचे चित्रीकरण करण्यास व जुनी छायाचित्रे वापरण्यास परवानगी मिळावी” या एका वाक्यात दोन निरनिराळ्या मागण्या एकत्र बांधल्या गेल्या आहेत. पहिली मागणी देवस्थानाच्या आवाराशी आणि विधींशी निगडित आहे, त्यामुळे तिला होकार देण्याचा अधिकार विश्वस्तांकडे आहेच. दुसरी मागणी कॉपीराइटशी निगडित आहे, आणि तिथे होकार देण्याचा अधिकार विश्वस्तांकडे असेलच असे नाही. म्हणून अर्ज एकच ठेवलास तरी त्यात ‘विनंती क्रमांक 1’ आणि ‘विनंती क्रमांक 2’ असे दोन स्वतंत्र भाग कर, म्हणजे एकीवर चर्चा अडली तरी दुसरीचा ठराव होऊ शकेल.

त्याआधी पत्र कोणाच्या नावे जाते ते पाहा. नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर पत्र अध्यक्ष व विश्वस्त मंडळाच्या नावे, सचिवांमार्फत लिहावे. व्यवस्थापकांच्या नावे लिहू नये. व्यवस्थापक आपुलकीने “या की, करा शूटिंग” म्हणतात, आणि पालखी उठायच्या वेळी एखादे विश्वस्त कॅमेरा बंद करायला लावतात. अशा वेळी तोंडी होकाराचा काहीच उपयोग होत नाही. सध्याचे विश्वस्त कोण, याबद्दल गावात दोन मते असतील तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील नोंद पाहावी. काही देवस्थानांचा कारभार वेगळ्या समितीकडे असतो, जसे कोल्हापूरचे महालक्ष्मी मंदिर आणि जोतिबा ही देवस्थाने पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत. मंदिर सिन्नरच्या गोंदेश्वरासारखे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारक असेल, तर त्या खात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

चित्रीकरणाच्या भागात “संपूर्ण उत्सव” असे लिहू नकोस. ते वाचून विश्वस्तांच्या डोळ्यांसमोर थेट गाभाऱ्यात शिरलेला कॅमेरा उभा राहतो आणि ते सरसकट नकार देतात. त्याऐवजी काकड आरती, अभिषेक, पालखी, कीर्तन, शेजारती असे विधी क्रमाने लिही, प्रत्येकापुढे कॅमेरा कुठे असेल ते लिही (“सभामंडपाच्या डाव्या खांबाजवळ, तिवईवर, जादा दिवा किंवा फ्लॅश न वापरता”), आणि शेवटी एक वाक्य घाल: “यांपैकी ज्या विधीचे ध्वनिचित्रमुद्रण नको असेल, तो कृपया खोडावा.” खोडण्याची मोकळीक दिली की बहुधा अभिषेकासारखी एखादीच ओळ खोडली जाते, बाकीचे मंजूर होते. थेट प्रक्षेपण करणार नाही, हेही लिही, कारण त्याबाबत देवस्थानाचा एखाद्या वाहिनीशी आधीच करार असू शकतो. कीर्तनकारांची संमती मात्र स्वतंत्रपणे घे. कलाकाराचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क देवस्थानाच्या परवानगीत येत नाही.

आता छायाचित्रे. मसुद्यात तू “देवस्थानाच्या मालकीची छायाचित्रे” असे म्हटले आहेस. देवस्थानाकडे कागदावरची प्रत आहे, एवढेच त्यातून कळते. कॉपीराइट अधिनियम, 1957 च्या कलम 17 नुसार छायाचित्राचा पहिला हक्कदार सामान्यतः ते काढणारा असतो. मात्र कोणी मोबदला देऊन ते काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क मोबदला देणाऱ्याकडे जातो. म्हणजे 1968 च्या रथोत्सवाचे छायाचित्र देवस्थानाने स्टुडिओला पैसे देऊन काढून घेतले असेल तर विश्वस्त परवानगी देऊ शकतात, आणि तेच छायाचित्र एखाद्या भक्ताने हौसेने काढून नंतर भेट दिले असेल तर हक्क त्या भक्ताकडे किंवा त्याच्या वारसांकडे असू शकतो. जुने आहे म्हणून ते मोकळे झाले, असेही धरू नकोस. 2012 च्या दुरुस्तीपासून छायाचित्रावरचा हक्क सर्वसाधारणपणे छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर 60 वर्षे टिकतो.

छायाचित्र देवस्थानाने पैसे देऊन काढून घेतले होते का, हे ओळखायचे कसे? छायाचित्राची मागची बाजू पाहा; तिथे स्टुडिओचा शिक्का, कधी पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक असतो. अल्बममध्ये डिंकाने चिकटवलेली छायाचित्रे मात्र उचकटू नकोस. त्याऐवजी त्या वर्षाची कीर्द-खतावणी पाहण्याची विनंती कर. उत्सवखर्चात “फोटोग्राफरास” अशी रक्कम पडलेली असेल, तर छायाचित्रे देवस्थानाने काढून घेतली होती याला तो चांगला आधार आहे. हिशेबाच्या जुन्या वह्या या कामी येतील असे सहसा कोणाला सुचत नाही, आणि वह्या पाहायला मिळाव्यात ही विनंती अर्जातच केलेली बरी.

त्यानंतर अर्जाला एक तक्ता जोड, ज्यात प्रत्येक छायाचित्राचा अल्बम व पान, विषय, अंदाजे वर्ष, मागचा शिक्का आणि खर्चनोंद असे रकाने असतील. स्टुडिओचा शिक्का आहे पण खर्चनोंद नाही, अशा छायाचित्रांसाठी देवस्थानाकडून फक्त स्कॅन करण्याची संमती माग, आणि वापराची परवानगी स्टुडिओच्या सध्याच्या मालकांकडून किंवा वारसांकडून स्वतंत्र पत्राने घे. तेही सापडले नाहीत तर ते छायाचित्र सोडून दे, असे माझे मत आहे. माहितीपटात दुसरे बसवता येते.

परवानगीची भाषाही नेमकी हवी. परवाना लेखी असावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. तुझा माहितीपट इंटरनेटवर राहणार असल्यामुळे दोन्ही गोष्टी लिहिणे भाग आहे. विनंती क्रमांक 2 अशी लिहिता येईल:

“सोबतच्या तक्त्यातील छायाचित्रे, त्यांवर आपल्या न्यासाचा हक्क असेल तेवढ्यापुरती, सदर माहितीपटात आणि त्याच्या प्रसिद्धीसाठी, जगभर, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, अनन्य नसलेल्या स्वरूपात वापरण्याची परवानगी मिळावी. अल्बम कार्यालयाबाहेर नेले जाणार नाहीत. स्कॅनची एक पूर्ण आकाराची प्रत न्यासास विनामूल्य दिली जाईल.”

माहितीपटातून जाहिरातींचे उत्पन्न घेणार असशील तर तेही याच परिच्छेदात सांग. ते नंतर कळले की विश्वस्तांना फसवल्यासारखे वाटते.

श्रेय देऊ असे मोघम लिहिण्यापेक्षा श्रेयाची ओळच अर्जात लिहून दाखव. नुसते “सौजन्य : देवस्थान” लिहिले की ज्याने छायाचित्र काढले त्याचे नाव पुसले जाते, आणि हक्क दुसऱ्याकडे गेला तरी कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा त्याचा अधिकार कायद्याने राहतो. म्हणून ओळ अशी असावी: “छायाचित्र : (छायाचित्रकार किंवा स्टुडिओ), अंदाजे 1968. संग्रह : (न्यासाचे नोंदणीकृत नाव), अल्बम 3, पान 12.” नाव मिळत नसेल तर “छायाचित्रकार अज्ञात” असे स्पष्ट लिहावे. ही ओळ छायाचित्र पडद्यावर असतानाच दिसेल असेही कळव, कारण माहितीपटाचे तुकडे वेगळे फिरतात आणि शेवटची श्रेयनामावली त्यांच्यासोबत जात नाही.

विश्वस्त कदाचित “आधी आम्हाला दाखवा, मग प्रसिद्ध करा” अशी अट घालतील. तथ्यांतील चुका दाखवण्यासाठी पंधरा दिवस देण्याचे मान्य कर. संपादनाचा अंतिम निर्णय मात्र स्वतःकडे ठेव आणि तसे लिहून टाक.

विश्वस्त मंडळाची उत्सवापूर्वीची बैठक कधी आहे ते कार्यालयात विचारून अर्ज तिच्या आधी पोहोचव. दोन प्रती ने, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्क्यासह पोच घे. उत्तर न्यासाच्या पत्रशीर्षावर, ठराव क्रमांकासह आणि तुझ्या तक्त्याचा उल्लेख करून मिळावे, अशी विनंती अर्जाच्या शेवटी कर. त्या उत्तराची छायाप्रत यात्रेच्या दिवशी प्रत्येक कॅमेरामनच्या खिशात असू दे. सुधारलेला मसुदा आणि तक्ता दोन्ही मला पाठव. तक्त्यातला खर्चनोंदीचा रकाना मी आधी पाहीन.

तुझा हितचिंतक