पैठणी, अनारकली की कपाटातला मंगलगिरी कुर्ता?

प्रिय ताई,
मी २८ वर्षांची, पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. पुढच्या रविवारी मित्राच्या आई-बाबांना भेटायला पहिल्यांदाच सांगलीला जाणार आहे. गाडीने सकाळी निघायचं, दुपारचं जेवण त्यांच्याकडे, संध्याकाळी परत. मी रोज जीन्स किंवा कुर्ता-पँट घालते. साडी आजवर दोन-चार वेळाच नेसले आहे, तीही दुसऱ्या कुणीतरी नेसवलेली. मित्र म्हणतो, "काहीही घाल, आई-बाबा मोकळे आहेत." त्याच्या बहिणीचा मेसेज आला, "आईला साडी आवडते." माझी आई तिची पैठणी काढून बसली आहे, आणि मी घाबरून एक अनारकली ऑनलाइन मागवून ठेवलाय. शिवाय माझ्या हातावर मनगटाच्या वर टॅटू आहे. मान तर राखायचा आहे, पण दिवसभर अवघडून बसायचं नाहीये. काय घालू?
– गोंधळलेली, पुणे

प्रिय मुली,

तुझ्या मित्राचं "काहीही घाल" मनापासून असेल, पण त्याचा तुला उपयोग नाही. आपल्या घरात बायका कधी काय घालतात, हे बहुतेक मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून त्याला "काय घालू" असं विचारूच नकोस. त्याच्या फोनमधले घरातले फोटो माग. लग्नाचे नकोत, साध्या दिवसाचे: कुणाचा तरी वाढदिवस, गणपतीतली दुपारची जेवणं, चुलत भावंडं आली तेव्हाचा रविवार. त्यात त्याची आई काय नेसली आहे, बहीण काय घालून बसली आहे आणि सून असेल तर ती कशात वावरते आहे, ते बघ. चार-पाच फोटोंत त्या घराची रीत कळते. आई घरात सुती साडीत किंवा गाऊनमध्ये आणि बहीण कुर्ता-लेगिंग्जमध्ये दिसली, तर तुझं अर्धं काम झालं.

बहिणीला मात्र सरळ फोन कर. "आईला साडी आवडते" म्हणजे आईला स्वतःला साड्यांची हौस आहे, की येणाऱ्या मुलीने साडीच नेसावी असं त्यांना वाटतं? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मेसेजवरून त्यातली कुठली ते कळत नाही. तिला विचार, "तू स्वतः रविवारी घरी जेवायला जातेस तेव्हा काय घालतेस?" तिचं उत्तर तुला धरून चालता येईल.

आता पैठणीबद्दल. तुझ्या आईची माया मला कळते, पण ती पैठणी तिला आत ठेवायला सांग. पैठणी ही लग्नाकार्याची साडी. रविवारी दुपारी साध्या जेवणाला तू भरजरीत आलीस आणि दार उघडणारी त्याची आई रोजच्या सुती साडीत असली, तर पहिल्याच मिनिटाला संकोच तिला वाटेल, आपणच नीट आवरलं नाही असं. पाहुणी म्हणून तुला राखायचा मान आहे तो यजमानांचा, आणि आपल्या कपड्यामुळे त्यांना त्यांच्याच घरात ओशाळायला लागू नये, हा त्यातला मोठा भाग. शिवाय अजून काही ठरलेलं नाही. साखरपुड्याला शोभेल असा थाट पहिल्या भेटीला केलास, तर दोन्हीकडच्या मंडळींच्या मनात नसलेल्या गोष्टी येऊ लागतात. आणि मे महिना आहे. ताटात आमरस असण्याचीच शक्यता जास्त. रसाचा एक थेंब रेशमावर पडला की पुढचा तासभर तुझं लक्ष गप्पांत राहणार नाही.

साडीच नेसायची असं तुझं तुलाच वाटत असेल, तर सुती नेस, एकदा-दोनदा धुऊन मऊ झालेली. नवी कडक कांजीची साडी सवय नसलेल्या अंगावर फुगते आणि निऱ्या हाताशी राहत नाहीत. पण तुझ्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. जी साडी दुसऱ्याने नेसवावी लागते, ती सांगलीत सुटली तर नेसवणार कोण? खाली मांडी घालून जेवायला बसलीस, उठताना पाय निरीवर पडला, की तिथेच सगळं सैल होतं. तुझ्यासाठी या वेळी साडी नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

अनारकलीही परत पाठव. ऑनलाइन मिळणाऱ्या बहुतेक अनारकलींना आतून सिंथेटिक अस्तर असतं. उकाड्यात ते पाठीला चिकटतं आणि गळ्याजवळची जर टोचत राहते. घेर फार असतो, त्यामुळे जमिनीवरून उठताना तो पायाखाली येतो. आणि पहिल्यांदाच अंगावर येणारा कपडा अशा दिवशी घालू नये. तो कुठे ओढतो, कुठे वर चढतो, हे आपल्याला माहीत नसतं. मग दर पाच मिनिटांनी हात तिकडे जातो. समोरच्याला ती चुळबुळ दिसते, कारण दिसत नाही.

मग घालायचं काय? तुझ्या कपाटात एखादा चांगला सुती कुर्ता नक्की असेल, मंगलगिरी किंवा तसाच, बारीक काठाचा, जो तू दसऱ्याला किंवा मैत्रिणीच्या घरच्या पूजेला घातला आहेस. तोच घाल. गुडघ्याच्या खाली येणारा, पाऊण बाह्यांचा. रंग मरून, मोरपंखी, गर्द हिरवा, मोहरी असा काहीही. फिकट निळा आणि करडा टाळ, कारण घामाचे डाग त्यांच्यावर लगेच उठून दिसतात. पांढरा आमरसामुळे नको. काळाही नको. तुला स्वतःला त्यात काही वाटत नसेल, पण संक्रांत सोडली तर शुभ प्रसंगी काळं न चालणारी घरं अजून पुष्कळ आहेत, आणि एका रंगावरून पहिल्याच भेटीत विषय निघायला नको.

खाली लेगिंग्ज न घालता सुती सरळ पँट किंवा सलवार घाल. कुर्त्याची बाजूची चीर मांडी घालून बसलं की उघडते आणि लेगिंग्ज असली की मांडीचा आकार स्पष्ट दिसतो. मग माणूस सारखा कुर्ता ओढत बसतो. सैलसर पँटमध्ये ही काळजी राहत नाही.

आणि ओढणी घे, जरी रोज घेत नसलीस तरी. तिचं खरं काम शेवटी निघताना पडतं. लग्न न झालेल्या मुलीची ओटी सहसा भरत नाहीत, पण पहिल्यांदा घरी आलेल्या मुलीला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही आपल्याकडची रीत आहे. त्याची आई हळद-कुंकू लावेल, एखादा ड्रेसपीस, नारळ किंवा पाकीट पुढे करेल. ते नुसत्या हातात न घेता ओढणी पुढे धरून तीत घेतलंस, तर त्या बाईला फार बरं वाटेल. ओढणी सुती असू दे, शिफॉन किंवा जॉर्जेट नको, ती वाकलं की घसरते. डाव्या खांद्यावर कुर्त्याच्या शिवणीपाशी आतून एक सेफ्टी पिन लाव. नमस्काराला वाकशील तेव्हा ती जागेवर राहील.

शनिवारी संध्याकाळी हे सगळं अंगावर चढव आणि आरशासमोर तीन गोष्टी कर. पायाला हात लावून नमस्कार करतात तशी पूर्ण वाक आणि गळा किती खाली येतो ते बघ. मग जमिनीवर मांडी घालून बस आणि हाताचा आधार न घेता ऊठ. शेवटी वरच्या फळीवरचा डबा काढल्यासारखे हात उंच कर. गळा खाली आला तर आत स्लिप घालावी लागेल. काखेत ओढलं तर दुसरा कुर्ता काढ, अजून वेळ आहे.

प्रवासाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, पण घोळ तिथेच होतो. पुण्याहून सांगली म्हणजे चार-पाच तास. सीटबेल्ट लावून इतका वेळ बसलं की सुती कुर्त्यावर छातीवरून तिरकी चुणी पडते, आणि ती हाताने कितीही सारखी केली तरी जात नाही. पाठीमागचा भाग ओला आणि चुरगळलेला होतो तो वेगळाच. म्हणून निघताना टी-शर्ट आणि पँट घालून नीघ. इस्त्री केलेला कुर्ता हँगरवर मागच्या सीटच्या हुकाला लाव. कऱ्हाडला चहाला थांबाल, तिथल्या एखाद्या बऱ्या हॉटेलात तोंड धुऊन कुर्ता बदल. तिथून पेठनाक्याला वळून सांगली गाठेपर्यंत तो फारसा चुरगळत नाही.

चपला दारातच काढायच्या आहेत, त्यामुळे बक्कल असलेल्या सँडल नकोत. आत मंडळी "या, या" म्हणत उभी आणि तू उंबऱ्याशी वाकून पट्टा सोडवते आहेस, हे नको. पाय सरकवून घालायच्या चपला घाल, पण नव्या कोल्हापुरी नको, त्या चावतात. घरभर अनवाणी वावरायचं आहे, तेव्हा पाय आणि नखं स्वच्छ असू देत. एवढं पुरे.

टिकली लावत असशील तर लाव. लावत नसशील तर त्या एका दिवसापुरती लावलीच पाहिजे असं मी म्हणणार नाही. कुंकू लावायला त्या पुढे आल्या तर मात्र कपाळ पुढे कर.

टॅटूसाठी मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्या घालून बसू नकोस. जेवताना बाही वर सारावीच लागणार आणि लपवलेली गोष्ट दिसली की ती आहे त्यापेक्षा मोठी वाटते. हे काम तुझ्या मित्राचं आहे. या आठवड्यात घरी फोनवर बोलताना त्याने सहज सांगून टाकावं, "तिच्या हातावर टॅटू आहे, छान आहे." आईला जे काही वाटायचं असेल ते तुझ्यासमोर न वाटता आधीच वाटून जाईल. आणि हो, तोही त्या दिवशी घरची विटकी बर्म्युडा घालून बसणार नाही, एवढं बघ. तू आवरून आलीस आणि तो तसाच बसला, तर तू एकटीच परीक्षेला बसल्यासारखी दिसशील.

राहता राहिला त्यांचा एक प्रश्न, जो येऊ शकतो: "साडी नेसत नाहीस का गं?" उत्तर आधीच ठरवून ठेव, म्हणजे गडबड होणार नाही. खरं तेच सांग. "काकू, फार कमी वेळा नेसले आहे, माझी मला नीट नेसता येत नाही." यावर "शिकायची आहे" असं खरंच वाटत असेल तरच जोड, नाहीतर नको. एकदा म्हणालीस की पुढच्या भेटीला त्या साडी काढूनच ठेवतील, आणि तेव्हा तुला मनापासून नेसता आली पाहिजे.

तुझी,
ताई